ताशी दोनशे रुपयांत न मावणारे वर्ष

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी लातूरची. मेकॅनिकल डिप्लोमा करून वाळूजच्या एका कारखान्यात सात वर्षे डिझाइन विभागात होते. हातात ४२,००० रुपये पगार येत असे आणि दिवाळीला १५,००० मिळत. मुलाच्या शाळेसाठी दीड वर्षापूर्वी लातूरला परतले आणि आता घरून वेल्डिंग फिक्श्चरची, म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांची, डिझाइन करून देते. ४२,००० ला महिन्याच्या २०८ तासांनी भागून ताशी २०० रुपये दर ठरवला. सॉफ्टवेअरच्या परवान्याचेच वर्षाला ७०,००० जातात. दिवसभर बसूनही महिनाअखेर काही उरत नाही. ताशी दर किती घ्यावा, आणि गिऱ्हाइकाने गुत्त्याने काम मागितले तर आकडा कसा काढावा?
— एक वाचक, लातूर

सप्रेम नमस्कार.

तुमची चूक ४२,००० या आकड्यात फारशी नाही, ती २०८ मध्ये आहे, म्हणून मी आधी तासांचाच हिशोब मांडते. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठेवतात तेव्हा पावसाचा दिवस असो, पोळा असो की शेतात काम नसलेला आठवडा असो, त्याचे साल चालूच राहते. रोजंदारीवर येणाऱ्या माणसाला मात्र ज्या दिवशी काम त्याच दिवशीची मजुरी मिळते. सालगड्याचे साल ३६५ दिवसांनी भागून कोणी रोजंदाराची मजुरी ठरवत नाही, कारण तसे केले तर रोजंदाराचे रिकामे दिवस त्याच्याच पोटावर येतात. तुम्ही पगारदार असतानाची रक्कम पगारदाराच्याच तासांनी भागलीत आणि तो दर घेऊन रोजंदारीवर उतरलात.

कारखाना तुम्हाला २०८ तासांचे पैसे देत होता, पण ते सगळे तास तुम्ही ड्रॉइंगवर घालवत नव्हता. मंजुरीची वाट पाहणे, मीटिंग, चहा, वीज गेलेला अर्धा तास, दुसऱ्या विभागाकडून माप येईपर्यंतचा खोळंबा, आजारपण आणि सणाची सुट्टी हे सगळे त्या पगारात बसलेले होते. आता जो तास बिलावर लिहिता येतो तेवढ्याचेच पैसे मिळतात आणि बाकीचे सगळे तास त्या बिलाच्या तासांनीच पोसायचे असतात.

असे तास वर्षात किती निघतात ते पाहू. ३६५ दिवसांतून ५२ रविवार वजा केले की ३१३ उरतात. सणवाराचे १२ दिवस, स्वतःच्या आणि मुलाच्या दुखण्याखुपण्याचे १२ दिवस आणि १५ दिवसांची रजा काढली की २७४ राहतात. रजेचे दिवस धरायला संकोच करू नका. कारखान्यातल्या माणसाला साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळत आली आहे आणि तुम्हाला ती तुमच्या दरातूनच मिळणार आहे. यानंतर रिकामे आठवडे येतात. एक फिक्श्चर संपले आणि दुसऱ्याची ऑर्डर यायची आहे, असा काळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. दीड वर्षाची बिले समोर घेऊन दोन बिलांमधली अंतरे मोजा. मी येथे वर्षाला आठ आठवडे, म्हणजे ४८ दिवस धरते. उरले २२६ दिवस.

या २२६ दिवसांतही आठच्या आठ तास विकले जात नाहीत. मी डिझाइनचे काम करत होते तेव्हाच्या वहीतला एक दिवस जसाच्या तसा सांगते. साडेनऊला बसले. पहिली चाळीस मिनिटे गिऱ्हाइकाने पाठवलेली थ्रीडी फाइल उघडण्यात गेली, कारण त्यातले दोन पृष्ठभाग तुटलेले होते आणि नवी फाइल मागवावी लागली. मग सव्वाएकपर्यंत सलग मॉडेल झाले. जेवणानंतर टूलरूमच्या माणसाचा फोन आला. टॉगल क्लॅम्प बाजारात कोणत्या मापाचा मिळतो यावर अर्धा तास बोलणे झाले. मग एका नव्या कामाचे कोटेशन तयार केले, ते काम पुढे मिळाले नाही. मागच्या महिन्याच्या बिलासाठी लेखा विभागाला दोन फोन केले. चारनंतर पुन्हा ड्रॉइंग. सहा वाजता फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून उठले. त्या दिवसाचे बिलावर लिहिण्याजोगे तास सव्वापाच भरले आणि तो दिवस चांगला होता.

तुमच्यासाठी मी साडेपाच तास धरते. २२६ दिवस गुणिले साडेपाच म्हणजे १,२४३ तास. सोयीसाठी १,२४० म्हणू. तुमच्या हिशोबात वर्षाचे २,४९६ तास होते, म्हणजे खरे विकाऊ तास त्याच्या निम्मेच आहेत. माझा साडेपाचचा आकडा तुम्हाला लागू पडतो की नाही हे तपासणे सोपे आहे. सहा आठवडे वहीत रोज दोन रकाने ठेवा, एकात बिलाचे तास आणि दुसऱ्यात बाकी सगळे तास, आणि सरासरी काढा. ती साडेचार निघाली तर दर वाढेल, सहा निघाली तर उतरेल. सहा आठवड्यांच्या आत निष्कर्ष काढू नका, कारण एखादे मोठे काम चालू असले की पहिले दोन आठवडे फसवे निघतात.

आता वरचा आकडा, म्हणजे या तासांनी काय काय भागवायचे ते. हातात येणारे ४२,००० म्हणजे वर्षाचे ५,०४,००० झाले, पण नोकरी तुम्हाला याहून जास्त देत होती. जुनी पगारपावती काढून मूळ पगार पाहा. तो २५,००० होता असे धरले, तर १२ टक्क्यांप्रमाणे तुमचे ३,००० आणि कंपनीचे ३,००० असे महिन्याला ६,००० भविष्य निर्वाह निधीत जात होते, म्हणजे वर्षाला ७२,०००. काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच हा वाटा काढतात, तसे असेल तर रक्कम कमी येईल. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या सेवेमागे मूळ पगाराच्या सव्वीस भागांतले पंधरा, म्हणजे सुमारे १४,४०० रुपये साठत होती. (सात वर्षांची सेवा झाली आहे, तेव्हा नोकरी सोडताना ही रक्कम तुम्हाला मिळायला हवी होती. मिळाली नसेल तर आधी तिच्यासाठी लेखी अर्ज करा.) दिवाळीचे १५,००० धरा. कंपनीचा आरोग्य विमा गेला, त्याऐवजी तिघांच्या कुटुंबाच्या पॉलिसीचा हप्ता मी वर्षाला २४,००० धरते. तुमचा खरा आकडा वय आणि विम्याच्या रकमेप्रमाणे घाला. ही बेरीज ६,२९,४०० होते. पूर्वीइतकेच मिळावे, एक रुपयाही जास्त नको, असे म्हटले तरी वर्षाला ६,३०,००० लागतात.

त्यात साधनांचा खर्च मिळवा. सॉफ्टवेअरचे ७०,००० तुम्ही लिहिलेच आहेत. थ्रीडी मॉडेल चालवणारा संगणक १,२०,००० चा आणि त्याचे आयुष्य चार वर्षे, म्हणून वर्षाला ३०,०००. ही रक्कम दरवर्षी बाजूला पडली नाही तर चौथ्या वर्षी संगणक कर्जाने घ्यावा लागतो. वीज गेल्यावर काम थांबू नये म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरीचे वर्षाला ४,०००, इंटरनेटचे १२,०००, विजेचे १२,०००. प्रत्यक्ष भाग पाहायला आणि ट्रायल घ्यायला महिन्यातून एकदा वाळूजला जाणे, राहणे आणि जेवण, असे २,५०० प्रमाणे ३०,०००. सीएचे १२,०००. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने महाराष्ट्रात भरायचा व्यवसाय कर वर्षाला २,५००. फोन, छपाई, डिस्क, मापनाची साधने मिळून ७,५००. एकूण १,८०,०००. घरातल्या खोलीचे भाडे मी धरलेले नाही. शेतमालाचा सी-२ उत्पादन खर्च काढताना स्वतःच्या जमिनीचा खंडही धरतात. त्या न्यायाने पुढे कधी बाहेर गाळा घ्यायचा विचार असेल, तर आजच ते भाडे या यादीत लिहा, म्हणजे त्या दिवशी दर एकदम वाढवावा लागणार नाही.

शेवटी बुडणारी रक्कम. वीस बिलांतले एखादे पूर्ण येत नाही किंवा कापून येते, एवढे धरून मी ४०,००० घालते. सगळे मिळून ८,५०,००० होतात. त्याला १,२४० ने भागले की ताशी ६८५ रुपये येतात.

तुम्ही २०० घेत होता तेव्हा काय घडत होते, ते आता स्वच्छ दिसेल. १,२४० तासांचे २,४८,००० आले, त्यातून साधनांचे १,८०,००० गेले आणि वर्षाला ६८,००० उरले, म्हणजे महिन्याला साधारण ५,७००. तुमच्या कष्टात काही कमी नव्हते. त्या दराने याहून जास्त उरणे शक्यच नव्हते.

कराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण याबाबत ऐकीव गोष्टींवर दर ठरवला जातो. कोणी सांगते की उत्पन्नाचे तीस टक्के कराला बाजूला ठेवा, कोणी सांगते की घरून काम करणाऱ्याला करच नसतो. तुमच्या आकड्यांवर पाहू. अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ला या व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जी अनेक जण जुन्या कायद्यातल्या कलम ४४ एडीए या नावाने ओळखतात. जमा रकमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि खर्चाच्या पावत्यांचा तपशील द्यायचा नाही, असा तिचा अर्थ. ८,५०,००० जमेवर ते ४,२५,००० होते. तुम्ही प्रत्यक्ष नफा, म्हणजे साधने वजा जाता ६,७०,००० दाखवलेत, तरी २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य येतो. शेअर विकून झालेला नफा यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला ती सूट लागू होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना सीएकडून चालू क्रमांक आणि त्या वर्षाचे टप्पे घ्या.

म्हणून तुमच्या दरात आज आयकराची भर घालण्याचे कारण नाही. भार येतो तो टीडीएसचा, आणि तो वेगळ्या प्रकारे येतो. एका कंपनीकडून वर्षभरात ५०,००० हून जास्त काम झाले की ती कंपनी व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के कापते, आणि काही ठिकाणी तेच काम तांत्रिक सेवा मानून २ टक्के कापतात. १० टक्क्यांनी ८,५०,००० वरचे ८५,००० रुपये तुमच्या हातात येतच नाहीत. विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत ते सरकारकडे राहतात. ते तुमचेच आहेत, म्हणून दरात मिळवू नका, पण महिन्याचे घर त्यांच्या भरवशावर चालवू नका. विवरणपत्र जितक्या लवकर भराल तितका परतावा लवकर मिळेल. आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचीही सोय आहे. ज्या वर्षी तुमचा कर शून्यच निघणार हे दिसते, त्या वर्षी सीएला हे प्रमाणपत्र काढायला सांगा.

जीएसटीचे थोडक्यात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, गिऱ्हाईक कर्नाटकातले असले तरी नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी नाही म्हणून दर कमी करा असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करू नका. तुम्ही कर लावत नाही, म्हणून त्यांना तो भरावा लागत नाही आणि त्याचे क्रेडिट न मिळाल्याने त्यांचे काही बुडतही नाही.

आता दर. ६८५ हा तळ आहे, त्याला ७०० म्हणा. त्याच्या खाली जो तास विकाल, त्याची भरपाई घरातून होईल. कोटेशनात मात्र ८०० लिहा. वरचे १०० घासाघिशीसाठी, आणि ते वाचले तर राखीव निधीसाठी आहेत. हा निधी तुम्हाला लवकर लागेल. महिन्याचे बिल साधारण ७०,००० आणि पैसे साठ दिवसांनी येणार असतील, तर तुमचे १,४०,००० कायम गिऱ्हाइकांकडे अडकलेले राहतात आणि टीडीएसचे ८५,००० वेगळे. सव्वादोन लाख रुपये हाताशी असले, तर पैसे उशिरा आले म्हणून पडेल किमतीत काम घ्यावे लागत नाही.

गुत्त्याच्या आकड्याकडे वळू. एका ब्रॅकेटचे वेल्डिंग फिक्श्चर आहे, साधारण चाळीस भागांचे. भाग समजून घेऊन कल्पनाचित्र तयार करणे ७ तास, थ्रीडी मॉडेल १७, भाग चढवता-उतरवता येतो का आणि वेल्डिंगची गन सगळीकडे पोचते का हे तपासणे ४, प्रत्येक भागाचे ड्रॉइंग १४, बिल ऑफ मटेरियल २, एक फेरी दुरुस्ती ४. बेरीज ४८ तास. ही बेरीज मनातली असते आणि मन नेहमी कमी सांगते, म्हणून तिला तुमच्याच जुन्या कामांनी तपासा. मागच्या पाच कामांचे आधी ठरवलेले तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी लिहा. प्रत्यक्ष तास अंदाजाच्या सव्वापट निघत असतील, तर ४८ चे ६० होतात. ६० तास ८०० दराने ४८,००० रुपये. तळाच्या दराने ४२,०००.

गिऱ्हाईक ३५,००० म्हणाले तर आकडा कमी करण्याआधी काम कमी करा. फिक्श्चरचे थ्रीडी मॉडेल आणि एकत्रित ड्रॉइंग तुम्ही द्या, प्रत्येक भागाचे ड्रॉइंग त्यांच्या टूलरूमने काढावे. त्यातून अंदाजातले १४ तास गेले, उरले ३४, सव्वापटीने साडेबेचाळीस, आणि ८०० दराने बरोबर ३४,०००. दर तोच राहिला आणि गिऱ्हाइकालाही हवा तो आकडा मिळाला. ज्या टूलरूममध्ये स्वतःचा ड्राफ्ट्समन आहे, तिथे हे सहज पटते.

गुत्त्यात तोटा बहुतेक वेळा एकाच वाटेने येतो, ती म्हणजे मध्येच बदललेला भाग. मला याचा चटका बसला आहे. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याचे काम मी १८,००० ला घेतले. मॉडेल झाले, निम्मी ड्रॉइंग गेली आणि मग कळवण्यात आले की ब्रॅकेटचे लोकेशनचे छिद्र तीन मिलिमीटर सरकले आहे. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटते, पण त्यासाठी लोकेटिंग पिन, तिचा ब्लॉक, बेस प्लेटवरची छिद्रे, शेजारचा क्लॅम्प आणि रेस्ट पॅड एवढे सगळे हलले, सहा ड्रॉइंग नव्याने काढावी लागली आणि नऊ तास गेले. तसा बदल त्या कामात चार वेळा आला. जादा पैसे मागितले तेव्हा मला विचारण्यात आले, की मूळ भाग कोणता होता हे कुठे लिहिले आहे? ते मी लिहिलेले नव्हते.

म्हणून कोटेशनच्या पहिल्याच ओळीत गिऱ्हाइकाच्या भागाचा ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन क्रमांक आणि तारीख लिहा. पुढे लिहा की तुमच्या डिझाइनमधल्या दुरुस्तीची एक फेरी या किमतीत आहे, आणि भागाचे रिव्हिजन बदलल्यास त्यामुळे लागणारे तास ८०० रुपयांप्रमाणे वेगळे लागतील. तुमच्या चुकीने झालेली दुरुस्ती कितीही वेळा झाली तरी फुकट करून द्या, तेही लिहून द्या. त्यामुळे दुसऱ्या अटीबद्दल वाद राहत नाही. बदल फोनवर आला, तर काम सुरू करण्याआधी ईमेलवर तास कळवा आणि होकार आल्यावरच फाइल उघडा.

पैशांचे टप्पेही तिथेच लिहा. कामाआधी ४० टक्के उचल, कल्पनाचित्र मंजूर झाल्यावर ३०, आणि शेवटचे ३० मिळाल्यावर थ्रीडी फाइल. तोपर्यंत पाहण्यासाठी पीडीएफ. मोठी कंपनी आगाऊ रक्कम देत नाही असे सांगेल, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. अशा वेळी सूक्ष्म उद्योग म्हणून केलेल्या उद्यम नोंदणीचा उपयोग होतो. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि मार्च जवळ आला की लेखा विभागाला ही गोष्ट चांगलीच आठवते. व्याज मागून संबंध बिघडवावेत असे मी म्हणत नाही, पण प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असू द्या.

तुमच्या मनात प्रश्न येईल की लातूरला बसून ८०० कोण देईल. काही जण देणार नाहीत. काही कामांना, विशेषतः जुन्या कागदी ड्रॉइंगवरून संगणकावर नुसते उतरवून देण्याच्या कामाला, बाजारात एवढा दर मिळणारच नाही, कारण ते काम करणारे खूप आहेत. वेल्डिंग फिक्श्चरचे तसे नाही. तिथे चुकलेल्या डिझाइनचा खर्च लोखंडात मोजला जातो आणि सात वर्षे कारखान्यात उभे राहून ट्रायल पाहिलेल्या माणसाला मागणी असते. तरीही एखाद्या वर्षी सरासरी ५०० च पदरात पडले, तर काय उरेल तेही माहीत असू द्या. १,२४० तासांचे ६,२०,०००, त्यातून साधने आणि बुडीत धरून दोन लाखांच्या वर गेले, उरले सुमारे ४,०९,०००, म्हणजे महिन्याला ३४,०००. विमा आणि म्हातारपणची बचत यातूनच करायची. नोकरीपेक्षा हे कमी आहे, पण मूल जवळ आहे आणि वाळूजचे घरभाडे नाही, हे धरून तुम्हाला ते पटू शकेल. त्याच्या खाली मात्र विम्याचा हप्ता आधी बुडतो, आणि तो बुडू देऊ नका.

जुन्या गिऱ्हाइकांना एका रात्रीत २०० वरून ८०० वर नेऊ नका. नव्यांना आजपासून ८०० सांगा. जुन्यांना सहा महिन्यांसाठी ४०० करा आणि त्या दराने वर्षात ४०० पेक्षा जास्त तास देऊ नका. तसे केले तर जुन्यांचे १,६०,००० आणि उरलेल्या ८४० तासांचे ८०० प्रमाणे ६,७२,००० मिळून ८,३२,००० होतात, म्हणजे गरजेच्या जवळ पोचता. जुन्यांच्या कामात शक्य तिथे ताशी दर सोडून गुत्त्याचा आकडा द्या. ताशी ८०० ऐकून माणूस आपल्या ड्राफ्ट्समनचा पगार आठवतो, पण ४८,००० चे फिक्श्चर ऐकून तो फिक्श्चर बनवण्याच्या एकूण खर्चाशी तुलना करतो, आणि ती तुलना तुमच्या बाजूची आहे.

त्यांना पाठवायचा मजकूर लहान ठेवा आणि कारणे देत बसू नका. असा लिहिता येईल:

“आपल्यासोबतच्या कामाबद्दल आभारी आहे. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून माझा दर ताशी ४०० रुपये राहील आणि सहा महिन्यांनंतर तो ८०० रुपये होईल. सध्या चालू असलेली कामे जुन्याच दराने पूर्ण करून देईन. नवीन फिक्श्चरसाठी एकरकमी किंमत हवी असल्यास भागाचे ड्रॉइंग रिव्हिजन क्रमांकासह पाठवावे, दोन दिवसांत कोटेशन देईन.”

हा मजकूर एकाच दिवशी सगळ्यांना पाठवू नका. ज्याच्याकडून बिलाचे पैसे सगळ्यांत उशिरा येतात, त्याला पहिल्यांदा पाठवा.